एका टाकीचा हिशेब

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे, आणि वाशीचा बाजार जवळजवळ समुद्राला लागून. भाजी भरून संध्याकाळी नाशिकहून निघालेली सहाचाकी गाडी इगतपुरी ओलांडते, कसारा घाट उतरते आणि शहापूर, पडघा, भिवंडी बायपास, ठाणे करत पहाटेच्या आत वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत लागते. माल उतरला की तीच गाडी त्याच वाटेने परत येते, बहुतेक वेळा रिकामी. म्हणजे भरलेली गाडी उतरते आणि रिकामी गाडी चढते. डिझेलच्या दृष्टीने हा मार्ग मालकावर मेहेरबान आहे. परतीचं भाडं मिळालं, की ही मेहेरबानी थोडी आटते. किती आटते, हे मात्र ज्याच्याकडे वही आहे त्यालाच कळतं.

दोन-तीन गाड्या असलेल्या मालकाकडे अशी वही सहसा नसते. पंपाच्या पावत्या असतात, ड्रॉवरमध्ये किंवा गाडीच्या सन व्हायझरला खोचलेल्या. महिनाअखेरीला त्यांची बेरीज होते, आलेल्या भाड्यातून ती वजा होते आणि उरलं ते नफा म्हणून धरलं जातं. या सवयीला कायद्याचाही थोडा हातभार आहे. प्राप्तिकर कायदा १९६१ च्या कलम ४४ एईनुसार दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्याला ठरावीक उत्पन्न दाखवून कर भरता येत असे. १२,००० किलोपर्यंतच्या एका गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरायचं, की सविस्तर हिशेबवह्या ठेवण्याची सक्ती नाही. कराची कटकट टळली, पण गाडी खरोखर साडेसात हजार कमावते की त्याच्या तिप्पट, की पदरचे पैसे खाते, हे सांगणारा कागदही त्याबरोबर गेला. गाडी आणि इंधनाची नोंदवही हा तो कागद. तो कराच्या अधिकाऱ्यासाठी नसतो, उद्याचं भाडं किती सांगायचं हे ठरवण्यासाठी असतो.

पाच रकाने

नोंदवहीची सुरुवात अगदी साधी असते. प्रत्येक वेळी डिझेल भरताना पाच गोष्टी लिहायच्या: तारीख, किलोमीटरचं रीडिंग, लिटर, रुपये आणि टाकी फुल केली की नाही. पहिले चार रकाने सगळेच आखतात. पाचवा बहुतेक वह्यांमध्ये नसतो, आणि हिशेब नेमका तिथेच फसतो.

मायलेज, किंवा चालकांच्या तोंडी अ‍ॅव्हरेज, काढण्याची रीत टाकी फुल ते टाकी फुल अशी आहे. आज टाकी काठोकाठ भरली आणि रीडिंग लिहिलं. गाडी फिरली, पुन्हा काठोकाठ भरली. दुसऱ्या वेळी जेवढे लिटर बसले तेवढेच मधल्या अंतरात जळले. दोन रीडिंगमधला फरक भागिले दुसऱ्या वेळचे लिटर, झालं अ‍ॅव्हरेज. पहिल्या वेळी भरलेले लिटर या हिशेबात येतच नाहीत. ती फक्त सुरुवातीची रेघ. पहिल्या वेळचेही लिटर धरून भागाकार करणारे बरेच असतात, आणि मग गाडीचं अ‍ॅव्हरेज आहे त्याहून कितीतरी कमी दिसतं.

या रीतीची अट एकच, दोन्ही वेळा टाकी खरोखर सारखी भरलेली असली पाहिजे. प्रत्यक्षात चालकाकडे कधी रोकड कमी असते, कधी पंपावर रांग असते, कधी मालकच फोनवर सांगतो की आता दोन हजारांचं टाक, बाकीचं आल्यावर बघू. अशी अर्धवट भरणी झाली की तिचं वेगळं अ‍ॅव्हरेज काढायचं नसतं. तिचे लिटर पुढे ओढायचे आणि पुढच्या फुल टाकीच्या लिटरमध्ये मिळवायचे. किलोमीटरही मागच्या फुल टाकीपासून मोजायचे.

हे न केल्याने काय होतं, ते आकड्यांतच पाहावं. पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. नाशिक–वाशी करणारी, साधारण अकरा टन एकूण वजनाची एक सहाचाकी, एका फेरीचं अंतर गावातली ये-जा धरून सुमारे ३५२ किलोमीटर आणि डिझेलचा भाव सोयीसाठी ९१ रुपये.

| रीडिंग | लिटर | टाकी | नोंद |
|---|---|---|---|
| ८४,२१० | – | फुल | सुरुवात |
| ८४,५६२ | ५४ | फुल | परत रिकामी |
| ८४,७३८ | २० | अर्धवट | वाशीत भरलं |
| ८४,९१४ | ३५ | फुल | परत रिकामी |
| ८५,२६८ | ५३ | फुल | परत रिकामी |
| ८५,६२० | ६२ | फुल | परतीचं भाडं, ६ टन |

पाचवा रकाना नसलेला मालक प्रत्येक ओळीचा भागाकार करतो. पहिल्या फेरीला ६.५२ मिळतं. वाशीतल्या वीस लिटरला १७६ किलोमीटर, म्हणजे ८.८. तो खूश होतो. पुढच्या ओळीला १७६ भागिले ३५, म्हणजे ५.०३. तो चपापतो. मग ६.६८ आणि ५.६८. या पाच आकड्यांची सरासरी ६.५४ येते आणि तो मनाशी ठरवतो, आपली गाडी साडेसहा देते.

गाडी साडेसहा देत नाही. एकूण १,४१० किलोमीटर आणि एकूण २२४ लिटर, म्हणजे ६.२९. वाशीतले वीस आणि नाशिकचे पस्तीस एकत्र धरले तर त्या फेरीचं अ‍ॅव्हरेज ६.४ येतं, आसपासच्या फेऱ्यांसारखंच. ८.८ ही गाडीची किमया नव्हती आणि ५.०३ हा चालकाचा गुन्हा नव्हता. टाकी फुल न करता भागाकार केल्याने तयार झालेले हे दोन खोटे आकडे. ते एकमेकांना छेद देतील असं वाटतं, पण देत नाहीत. इथे सरासरी चांगल्या बाजूला फुगते, कारण थोड्या लिटरच्या ओळीत आलेला मोठा आकडा आणि जास्त लिटरच्या ओळीत आलेला लहान आकडा यांना सरासरीत सारखंच वजन मिळतं. म्हणून महिन्याचं अ‍ॅव्हरेज कधीही अ‍ॅव्हरेजांची सरासरी करून काढू नये. एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागावं.

६.५४ आणि ६.२९ यांत पाव किलोमीटरचाच फरक आहे, पण तो महागात पडतो. गाडी महिन्याला पाच हजार किलोमीटर फिरली तर ६.५४ च्या हिशेबाने ७६५ लिटर लागायला हवेत, प्रत्यक्षात ७९५ लागतात. तीस लिटर कुठे गेले? जवळपास पावणेतीन हजार रुपयांचं डिझेल. हा प्रश्न मालकाच्या डोक्यात आला की पुढचं वाक्य चालकाला उद्देशून असतं. डिझेल काढणारे चालक नसतात असं नाही. पण या उदाहरणात एक थेंबही चोरीला गेलेला नाही, भागाकार चुकला आहे.

हे काम संगणकावरचा किंवा मोबाइलवरचा साधा तक्ता आपोआप करतो. समजा A रकान्यात तारीख, B मध्ये रीडिंग, C मध्ये लिटर, D मध्ये रुपये आणि E मध्ये फुल टाकीला Y, अर्धवटला N. पहिली ओळ शीर्षकांची, दुसरी ओळ सुरुवातीच्या फुल टाकीची. मग तिसऱ्या ओळीत ही तीन सूत्रं लिहून खाली ओढायची:

```
F3: =IF(E2="Y",B2,F2)
G3: =IF(E2="Y",0,G2)+C3
H3: =IF(E3="Y",(B3-F3)/G3,"")
```

F मध्ये मागच्या फुल टाकीचं रीडिंग राहतं. G मध्ये तेव्हापासूनचे लिटर साठत जातात. H मध्ये अ‍ॅव्हरेज फक्त फुल टाकीच्या ओळीत उमटतं, अर्धवट भरणीची ओळ रिकामी राहते. ती रिकामी दिसली की नवख्याला सूत्र बिघडल्यासारखं वाटतं. ती रिकामीच असायला हवी.

फुल म्हणजे किती फुल

एवढं करूनही एका टाकीचा आकडा डळमळीतच असतो. पंपाची नळी आपोआप बंद होते ती टाकीच्या तोंडाशी डिझेल पोचल्यावर, पण डिझेलला फेस येतो. जोरात सोडलं तर फेसामुळे नळी लवकर तुटते, हळू सोडलं तर उशिरा. पंपावरची जमीन एका बाजूला कललेली असेल तर टाकीच्या कोपऱ्यात हवा राहते. काही पंपांवर भरणारा पहिल्या तुटीलाच थांबतो, काहींवर रक्कम गोल करायला आणखी दोनदा दाबतो. एवढ्यावर दोन लिटर सहज इकडचे तिकडे होतात. पहिल्या फेरीत ५४ ऐवजी ५६ लिटर बसले असते तर ६.५२ चं ६.२९ झालं असतं. गाडी तीच, चालक तोच, रस्ता तोच.

ही चूक साठत मात्र नाही. आज दोन लिटर जास्त गेले तर पुढच्या वेळी दोन कमी बसतात. म्हणून अनुभवी मालक एका टाकीवरून कुणाला जाब विचारत नाहीत, चार-पाच टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर एकत्र करून बघतात. शक्यतो एकाच पंपावर, एकाच जागी, पहिल्या तुटीला थांबून भरायचं हा नियम पाळला तर चढउतार आणखी कमी होतात.

नाशिक–वाशीसारख्या मार्गावर आणखी एक पथ्य आहे. फुल टाकी नेहमी एकाच टोकाला करायची. जाताना गाडीवर भार असतो पण वाट उताराची, येताना गाडी हलकी पण घाट चढायचा. अर्ध्या फेरीचं अ‍ॅव्हरेज कधीच पुन्हा तेच येत नाही आणि त्यावरून काही ठरवताही येत नाही. फेरी पूर्ण झाली की चढ आणि उतार दोन्ही हिशेबात येतात.

पंपाच्या मापाची शंका हा वेगळा विषय. ती निराधार नाही. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यातल्या अनेक पंपांवर छापे घातले तेव्हा यंत्रांमध्ये चिप बसवून कमी डिझेल-पेट्रोल देण्याचे प्रकार उघडकीला आले होते. पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. ५४ लिटरला पाव लिटर. नोंदवहीत एकाच पंपाच्या भरणीनंतर दरवेळी अ‍ॅव्हरेज तीन-चार टक्के पडत असेल तर ते परवानगीतलं नाही, आणि तेव्हा पाच लिटरचं माप मागण्याला आधार असतो.

६२ लिटरची ओळ

उदाहरणातली शेवटची ओळ पुन्हा पाहू. नेहमीच्या ५४ च्या जागी ६२ लिटर. अ‍ॅव्हरेज ६.५ वरून ५.६८ वर. शेवटचा, नोंदीचा रकाना नसता तर ही ओळ संशयाची. तिथे लिहिलं आहे: परतीचं भाडं, ६ टन.

आठ लिटर त्या सहा टनांनी खाल्ले का, हे पडताळता येतं. सहा टन माल सहाशे मीटर वर चढवायला सुमारे साडेतीन कोटी ज्यूल ऊर्जा लागते. लिटरभर डिझेलमध्येही जवळजवळ तेवढीच ऊर्जा असते, पण इंजिन तिच्यातला साधारण एक तृतीयांश भागच चाकापर्यंत पोचवतं. म्हणजे नुसत्या चढासाठी तीनेक लिटर. शिवाय १७६ किलोमीटर सहा टन जास्तीचं ओझं घेऊन टायर रस्त्यावर फिरवायचे, त्या घर्षणाचे पाच-सहा लिटर. बेरीज आठ ते नऊ. ओळ निर्दोष आहे.

यातून नोंदवहीचा एक नियम निघतो. एका गाडीला एकच अ‍ॅव्हरेज नसतं. या गाडीला किमान दोन आहेत, परत रिकामी असताना साडेसहाच्या आसपास आणि परत भरलेली असताना पावणेसहाच्या आत. चालकाला अ‍ॅव्हरेजवर बक्षीस देणारा मालक दोन्हींना एकच माप लावतो तेव्हा चालक परतीचं भाडं टाळायला लागतो. त्याचंही बरोबरच असतं. भाडं मालकाचं, अ‍ॅव्हरेज मात्र त्याच्या नावावर पडणार.

अ‍ॅव्हरेज खरोखर पडतं तेव्हा ते कसं पडतं यावरून कारणाचा अंदाज येतो. दीड-दोन महिन्यांत हळूहळू, प्रत्येक टाकीला थोडं थोडं उतरत गेलं तर गाडीकडे बघायचं: धुळीने भरलेला एअर फिल्टर, कमी हवेचे टायर, घासत चाललेला ब्रेक. ब्रेकची खूण सोपी आहे, फेरीनंतर चाकाच्या ड्रमजवळ हात नेला तर एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असतं. सर्व्हिसिंगनंतर अ‍ॅव्हरेज परत वर चढलं तर निदान बरोबर होतं.

एका दिवसात दोनेक टक्के पडलं आणि तिथेच स्थिर राहिलं तर टायर नवे टाकलेत का ते बघायचं. झिजलेल्या टायरचा घेर कमी असतो, त्यामुळे तो त्याच अंतरात जास्त फेरे फिरतो आणि मीटर खऱ्यापेक्षा जास्त किलोमीटर दाखवतो. या आकाराच्या गाडीचा टायर पूर्ण झिजेपर्यंत त्याचा व्यास सुमारे दोन सेंटिमीटरने घटतो, म्हणजे साधारण दोन टक्के. जुन्या टायरवर गाडी चांगलं अ‍ॅव्हरेज देतेय असं वाटत होतं, नव्यांवर ते खऱ्या आकड्यावर आलं. टायर बदलल्याची तारीख वहीत नसेल तर हा दोष चालकाच्या माथी जातो.

आणि अ‍ॅव्हरेज एखाद्या टाकीला धाडकन पडून पुढच्या टाकीला जागेवर येत असेल, त्याला ना भाराचं कारण, ना मार्गाचं, आणि हे पुन्हा पुन्हा होत असेल, तर मात्र डिझेल टाकीतून बाहेर गेलं किंवा टाकीत आलंच नाही. दुसरा प्रकार पावतीचा: पन्नास भरायचे, साठ लिहून घ्यायचे. टाकीत मावणार नाहीत इतक्या लिटरची पावती, गाडी वाशीत असताना नाशिकच्या पंपाची वेळ, अशा विसंगती वही समोर असली की दिसतात.

तरीही शंका उरलीच, तर दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडे एक उपाय असतो: पंधरा दिवस चालक अदलाबदली करायचे. कमी अ‍ॅव्हरेज गाडीबरोबर राहिलं तर गॅरेजला जायचं. चालकाबरोबर दुसऱ्या गाडीत गेलं तर त्याच्याशी बोलायचं. बोलताना चोरीचा शब्द काढण्याआधी वाशीच्या रांगेत इंजिन किती वेळ चालू असतं हेही विचारायचं. उभ्या गाडीचं इंजिन तासाला साधारण लिटरभर डिझेल जाळतं. फेरीत दोन तास रांग म्हणजे दोन लिटर, कुणीही न काढता गेलेले.

किलोमीटरला किती

अ‍ॅव्हरेज कळलं की डिझेलचा किलोमीटरमागचा खर्च एका भागाकाराने निघतो. ९१ भागिले ६.२९, म्हणजे १४ रुपये ४७ पैसे. बरेच मालक इथेच थांबतात. भाडं ठरवताना डिझेल, टोल आणि चालकाचा भत्ता धरतात, वर काहीतरी नफा ठेवतात.

बाकीचे खर्च दोन जातींचे आहेत. एक गाडी चालली तरच होणारे. सहा टायर प्रत्येकी अठरा हजारांचे आणि साठ हजार किलोमीटर टिकणारे धरले तर किलोमीटरला १ रुपया ८० पैसे. ऑइल आणि फिल्टरचे ६० पैसे. बीएस-सहा गाडीला युरियाची टाकी असेल तर डिझेलच्या तीन ते पाच टक्के युरिया जातो, त्याचे ४० पैसे. ब्रेक लायनिंग, क्लच, किरकोळ दुरुस्तीचा दीड रुपया. फेरीला हजार रुपये टोल धरला तर महिन्याच्या चौदा फेऱ्यांत किलोमीटरला २ रुपये ८० पैसे. खरा आकडा फास्टॅगच्या मासिक विवरणात गाडीनिहाय मिळतो. फेरीला सहाशे भत्ता, म्हणजे १ रुपया ६८ पैसे. डिझेल धरून चालण्याचा खर्च झाला २३ रुपये २५ पैसे.

दुसरी जात गाडी दारात उभी असली तरी होणाऱ्या खर्चाची. हप्ता ३२,०००, चालक आणि क्लीनरचे पगार २८,०००, विम्याचे महिन्याला पडणारे ५,०००, कर-पासिंग-परवान्याचे २,०००, पार्किंग आणि इतर ३,०००. महिन्याला ७०,०००. गाडी पाच हजार किलोमीटर फिरली तर किलोमीटरला १४ रुपये, आणि एकूण खर्च ३७ रुपये २५ पैसे. पावसाने किंवा बाजारबंदीने ती साडेतीन हजारच फिरली तर तेच ७०,००० किलोमीटरला २० रुपये होतात आणि एकूण खर्च ४३ रुपये २५ पैशांवर जातो. डिझेलचा भाव तोच, अ‍ॅव्हरेज तेच, तरी किलोमीटर सहा रुपयांनी महागला. अ‍ॅव्हरेज पाव किलोमीटरने सुधारण्यासाठी चालकाच्या मागे लागणाऱ्या मालकाला त्यातून किलोमीटरला साठ पैसेही सुटत नाहीत. महिन्यात दोन फेऱ्या वाढल्या तर त्याहून जास्त सुटतात.

हप्त्याच्या जागी काटेकोर हिशेबात व्याज आणि गाडीची घसरणारी किंमत लिहायला हवी. फरक कळतो तो हप्ते फिटल्यावर. मालकाला गाडी आता फुकट पडते असं वाटतं, तो भाडं उतरवतो, शेजारच्याचं गिऱ्हाईक मिळवतो, आणि चार वर्षांनी गाडी दमली की नव्या गाडीचं डाउन पेमेंट भरायला पैसे नसतात. वहीत घसाऱ्याची ओळ ठेवणारा मालक ती रक्कम दर महिन्याला बाजूला काढतो.

परतीचं भाडं घ्यावं का

किलोमीटरमागचा खर्च हातात आला की रोजच्या प्रश्नांची उत्तरं अंदाजाने द्यावी लागत नाहीत. ३७.२५ दराने ३५२ किलोमीटरची फेरी १३,११२ रुपयांना पडते. वाशीला जायचं भाडं बारा हजार मिळत असेल तर फेरी अकराशे रुपये तोट्यात आहे. महिनाभर हातात रोकड खेळत असल्याने तो तोटा दिसत नाही एवढंच.

वाशीत एजंट चार हजारांत नाशिकचं भाडं देतो. किलोमीटरला २३ रुपये पडतात, खर्च ३७ चा. नाकारावं? इथे सरासरी खर्च लावणं चूक आहे. गाडीला परत यायचंच आहे. टोल, भत्ता, टायर, रिकाम्या गाडीचं डिझेल हे सगळं होणारच. भाडं घेतल्याने वाढणारा खर्च म्हणजे ते आठ लिटर, ७२८ रुपये, आणि थोडी जास्त झीज. सव्वातीन हजार शिल्लक, म्हणून घ्यावं.

पण माल उद्या दुपारी मिळणार असेल आणि त्यासाठी गाडी एक दिवस थांबणार असेल, तर ७०,००० भागिले तीस, म्हणजे २,३३३ रुपये त्या दिवसाचे गेले. शिल्लक हजाराच्याही खाली आली. त्या थांबण्यामुळे नाशिकची दुसऱ्या दिवशीची भरलेली फेरी चुकणार असेल तर चार हजारांचं भाडं सरळ तोट्याचं. मालक फोनवर ‘किती मिळतात’ एवढंच विचारतो. त्याआधी ‘माल कधी भरेल’ हे विचारायला हवं.

मार्गाची निवडही अशीच करता येते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यात सुमारे आठ किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत आणि कसारा घाट टळतो. टोल अर्थातच वेगळा. समजा फेरीमागे चारशे रुपये जास्त लागले, तर ते फक्त डिझेलमधून वसूल व्हायला ४.४ लिटर वाचले पाहिजेत, म्हणजे ५४ पैकी आठ टक्के. बोगद्याने गेलं तरी नाशिकपर्यंतची उंची चढावी लागतेच, त्यामुळे एवढी बचत सहजासहजी होत नाही. वेळ वाचून महिन्याला एखादी फेरी वाढत असेल तर गोष्ट वेगळी. मार्गाचा एक रकाना वाढवून दोन्ही वाटांच्या पाच-पाच फेऱ्या नोंदवल्या की आकडा समोर येतो.

शेवटी डिझेलचा भाव. १६ जून २०१७ पासून देशात तो रोज बदलण्याची पद्धत आहे. मधल्या काळात तो महिनोन्‌महिने हललाही नाही, तर कधी एका निर्णयाने एकदम खाली आला. २२ मे २०२२ पासून केंद्राने डिझेलवरचं उत्पादन शुल्क लिटरला सहा रुपयांनी कमी केलं तेव्हा असंच झालं. वर्षभराचं भाडं एकदाच ठरवून बसलेल्या मालकाला आणि कंपनीला अशा वेळी भांडण्यासाठी नवीन विषय मिळतो. नोंदवही असलेला मालक करारात एक ओळ घालतो. त्याची गाडी ६.२९ देते, म्हणून लिटरला एक रुपया हलला की किलोमीटरमागे १६ पैसे हलतात, फेरीमागे ५६ रुपये. करार झाला त्या दिवसाचा नाशिकचा भाव पायाभूत धरायचा, महिन्याच्या पहिल्या तारखेचा भाव बघायचा, आणि फरक गुणिले ५६ एवढं भाडं वर किंवा खाली करायचं. सहा रुपये उतरले तर गिऱ्हाइकाचे ३३६ रुपये कमी होतात. चढले तर मालकाला ते मिळतात, आणि गिऱ्हाइकाने विचारलं की हे ५६ आले कुठून, तर मागच्या सहा महिन्यांची वही त्याच्यापुढे ठेवता येते.